नाना बरोबर गेले, माझा शब्द चुकला

आमच्या गल्लीतल्या माणसांची हंपीची सहल होती. रात्री बेळगावातून बस सुटली, सकाळी होस्पेट. बसमध्ये निम्म्याहून जास्त साठीच्या पुढची माणसं. हंपीच्या फलकांवर कन्नड, हिंदी, इंग्रजी असतं. आमच्यातल्या बऱ्याच जणांचं कन्नड बोलण्यापुरतं, वाचण्यापुरतं नाही. म्हणून मी एक काम अंगावर घेतलं होतं. आधी जाऊन आलेल्या मित्राने तिथल्या नकाशांचे, फलकांचे आणि माहितीपत्रकाच्या पानांचे फोटो काढून आणले होते. त्यांचा मराठी अनुवाद करून चार पानांचा कागद तयार केला आणि प्रत्येकाच्या हातात दिला. एका बाजूला नकाशा आणि त्याची खूणसूची, दुसऱ्या बाजूला ठिकाणांची माहिती, खाली दिवसभराचं वेळापत्रक.

वेळापत्रकात एक ओळ होती : 'दुपारी १२ वाजता तलावापाशी जमणे.'

नानांचा गुडघा दुखत होता. ते म्हणाले, मी बसमध्येच पडतो, बाराला रिक्षा करून येतो. बस कमलापूर गावात उभी होती. बारा वाजले, साडेबारा झाले, नाना नाहीत. त्यांचा फोन पिशवीत आणि पिशवी बसमध्ये. शेवटी दीडच्या सुमाराला दोघं जण शोधायला गेले, तर नाना कमलापूरच्या मोठ्या तलावाच्या बांधावर, एका झुडपाच्या सावलीत, डोक्यावर टॉवेल टाकून बसलेले. तोंड लालबुंद.

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "तुझ्या कागदावर तलाव लिवलाय न्हवं? मग तलावावरच बसलो की."

नानांना कन्नड उत्तम येतं. त्यांनी माझा 'तलाव' हा शब्द मनात कन्नडमध्ये फिरवला आणि रिक्षावाल्याला विचारलं, "केरे एल्लि?" त्याने बरोबर केरेवर, म्हणजे बांध घालून अडवलेल्या पाण्यावर नेऊन सोडलं. नानांचं कन्नड बरोबर, रिक्षावाला बरोबर, केरे बरोबर. चूक होती ती माझी. मला म्हणायचं होतं राजवाड्याच्या आवारातलं ते पायऱ्यांचं, चौकोनी, काळसर दगडाचं बांधकाम. फलकावर त्याला इंग्रजीत 'स्टेप्ड टँक' होतं. मी माहितीत त्याला 'पायऱ्यांचे तळे' लिहिलं, खूणसूचीत 'कुंड' लिहिलं आणि वेळापत्रकात, घाईत, 'तलाव'. एक जागा, तीन शब्द. आणि त्यातला एक शब्द दुसऱ्याच एका खऱ्या जागेचा.

त्या दिवशी काही वाईट झालं नाही. पाणी पाजलं, सावलीत बसवलं, तासाभरात नाना पुन्हा थट्टा करायला लागले. पण एप्रिलच्या उन्हात सत्तरीच्या माणसाला दीड तास बसायला लागलं ते माझ्या तीन शब्दांमुळे. म्हणून हा लेख. आपल्यातले बरेच जण आता असं काम करतात. बदामी, पट्टदकल, ऐहोळे, हंपी, गोव्यातली देवळं, कुठे ना कुठे घरच्यांना घेऊन जायचं असतं, आणि फलकाचा फोटो काढून त्याचं मराठी करून द्यायचं काम आपल्याच गळ्यात पडतं. ते करताना सगळ्यात जास्त घोळ कुठे होतो, तर जागेच्या नावात नाही. 'विरूपाक्ष' कुणी चुकवत नाही. घोळ होतो तो जागेच्या प्रकारात, म्हणजे नावाच्या मागे येणाऱ्या त्या साध्या शब्दात : तलाव, मंडप, बाजार, दरवाजा, टेकडी.

हा घोळ का होतो, तेही सांगतो, कारण मला ते माझ्या कागदावरच दिसलं. शाळेत आपल्याला निबंधात शिकवलं जातं की एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नका. एकदा तळे, एकदा जलाशय, एकदा सरोवर असं लिहिलं की गुरुजी खूश. निबंधात ते चालतं. नकाशावर तेच विष आहे. नकाशा वाचणारा माणूस असं धरून चालतो की शब्द बदलला म्हणजे जागा बदलली. त्याचा हा समज बरोबरच आहे. खूणसूचीचा अर्थच तो असतो. निळा चौकोन म्हणजे अमुक, आणि तो सगळीकडे तोच.

दुसरं कारण म्हणजे आपण एक-एक फोटो घेऊन अनुवाद करतो. पहिला फोटो सोमवारी रात्री, सातवा बुधवारी चहा पिताना. सोमवारी 'टँक'ला काय लिहिलं ते बुधवारी आठवत नाही. त्या-त्या फोटोत ते बरोबरच दिसतं. सगळे कागद शेजारी ठेवल्यावर भांडणं दिसतात.

आता त्या 'टँक'कडे नीट बघूया, कारण हंपीत सगळ्यात जास्त फसवणारा शब्द तोच आहे.

आपल्या देशात इंग्रजी लिहिणारे लोक फार पूर्वीपासून साठवलेल्या पाण्याच्या जवळजवळ प्रत्येक प्रकाराला 'टँक' म्हणत आले. बांध घातलेला मैलभर पसरलेला तलावही टँक, देवळासमोरचं पायऱ्यांचं पाणीही टँक. कन्नडमध्ये हे शब्द वेगळे आहेत, मराठीतही वेगळे आहेत. मधल्या इंग्रजीत ते सगळे एका पिशवीत कोंबले जातात. आपण इंग्रजी ओळीवरून मराठी केलं की पिशवी उघडून अंदाजाने एक शब्द बाहेर काढतो. म्हणून फोटोतल्या इंग्रजी ओळीच्या वर किंवा खाली जी कन्नड ओळ असते, ती आधी बघायची. वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्या मित्राला विचारायचं. आपल्या भागात असा मित्र नाही असं घर मिळणार नाही.

हंपीत मला 'टँक' किंवा 'बाथ' या शब्दांखाली चार प्रकारच्या जागा सापडल्या.

पहिली, कमलापूरचा तलाव. कन्नडमध्ये केरे. विजयनगरच्या काळापासूनचा, बांध घालून पाणी अडवलेला, त्या पाण्यावर शेती होते. ओळखायची खूण सोपी आहे : एका बाजूला मातीदगडाचा बांध असतो आणि बाकीच्या बाजूंना ठरलेला काठ नसतो. पाऊस झाला की पाणी पसरतं, उन्हाळ्यात मागे सरकतं. याला मराठीत तलाव. बेळगावच्या किल्ल्याजवळच्या पाण्याला कन्नडमध्ये कोटे केरे म्हणतात आणि आपण किल्ला तलाव म्हणतो. म्हणजे केरेला तलाव ही जोडी आपल्या गावात आधीच लागलेली आहे. नवीन शोध लावायची गरजच नाही. नानांच्या डोक्यातही हीच जोडी होती.

दुसरी, कृष्ण मंदिराजवळची पुष्करणी. कृष्णदेवरायाने उदयगिरीच्या मोहिमेनंतर बांधलेल्या या देवळासमोर रस्ता ओलांडला की जुनी बाजारपेठ लागते आणि तिच्या बाजूला हे पाणी. चारही बाजूंनी दगडी बांधणी, पायऱ्या, मधोमध छोटा मंडप. याला मराठीत शब्द शोधायला जाऊ नका, पुष्करणी हाच शब्द दोन्ही भाषांत आहे आणि देवळाला जोडलेल्या बांधीव पाण्यालाच तो वापरतात.

तिसरी, तीच माझी फसलेली जागा : राजवाड्याच्या आवारातलं पायऱ्यांचं बांधकाम. हे १९८० च्या दशकात उत्खननात वर आलं. पाच टप्प्यांत खाली उतरणाऱ्या पायऱ्या, घडीव दगड, आणि त्या दगडांवर कोणता दगड कुठे बसवायचा याच्या कारागिरांनी केलेल्या खुणा. इथे मराठी माणसाच्या तोंडात पटकन 'बारव' येतं, कारण दिसायला ते तसंच आहे. मीही एका ठिकाणी तसं लिहिणार होतो. पण बारव ही मुळात विहीर असते, पाणी खालून येतं. इथे तसं नाही. काठावर उभं राहून बघितलं तर दगडी खांबांवरून आणलेली पन्हळ दिसते. लांबून आणलेलं पाणी त्या पन्हळीतून इथे सोडत होते. म्हणजे पाणी वरून यायचं. मग बारव म्हणणं चूक. आकार आणि बांधणी पुष्करणीची आहे, आणि अनेक जण तिला पुष्करणीच म्हणतात. म्हणून आता आमच्या कागदावर ती 'राजवाडा आवारातली पुष्करणी' आहे.

चौथी, त्याच भागातला तो लांबलचक, मोठा, उघडा, बांधीव खड्डा, ज्याला इंग्रजीत 'पब्लिक बाथ' म्हणतात. 'सार्वजनिक स्नानगृह' लिहिलं की वाचणाऱ्याला भिंती-छप्पर असलेली इमारत वाटते. आणि हंपीत तशी इमारत खरोखर आहे : राणीचं स्नानगृह. बाहेरून साधी चौकोनी वास्तू, आत मधोमध पाण्याची जागा आणि भोवती ओवऱ्या. तिथे सावली आहे. 'पब्लिक बाथ'ला सावलीचं पान नाही. दोघांना एकच शब्द दिला तर उन्हातून थकून आलेला माणूस सावलीच्या आशेने उघड्या खड्ड्यापाशी पोचणार. बांधून काढलेल्या आणि बाहेरून पाणी सोडून भरायच्या जागेला आपल्याकडे हौद म्हणतात. म्हणून तो 'मोठा हौद', आणि राणीचं ते 'स्नानगृह'.

एक पाचवा शब्दही सांगून टाकतो, जो कुठेच लागू नाही तरी सगळ्यात आधी सुचतो : टाकी. 'टँक' म्हणजे टाकी. पुष्करणीला टाकी लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गच्चीवरची काळी प्लॅस्टिकची टाकी येते. गडावर कातळात खोदलेल्या पाण्याच्या जागेला टाकं म्हणतात, ते वेगळं. ते रायगडावर, राजगडावर शोभतं. हंपीत बांधलेल्या जागांना ते नको.

म्हणजे शब्द ठरले : तलाव, पुष्करणी, हौद, स्नानगृह. चार प्रकार, चार शब्द. यापुढे खूणसूचीत, माहितीत, वेळापत्रकात, फोटोखालच्या ओळीत, कुठेही जागेसाठी 'तळे', 'कुंड', 'जलाशय' यायचं नाही. कितीही कंटाळवाणं वाटलं तरी नाही.

इथे एक प्रश्न येईल, आणि तो बरोबर आहे : हंपीत पुष्करण्या एकापेक्षा जास्त आहेत, मग सगळ्यांना एकच शब्द दिल्यावर माणूस पुन्हा हरवणार नाही का? याचं उत्तर असं, की प्रकार सांगायचं काम एका शब्दाचं आणि वेगळेपण सांगायचं काम नावाचं. ती कामं एकमेकांवर ढकलायची नाहीत. 'कृष्ण मंदिराची पुष्करणी', 'राजवाडा आवारातली पुष्करणी'. प्रकार तोच राहतो, पुढचं नाव बदलतं. मी उलट केलं होतं. नाव न देता प्रकाराचा शब्दच बदलत राहिलो, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल अशी वेडी आशा. वेळापत्रकात तर नेहमी पूर्ण नाव हवं. 'पुष्करणीपाशी जमणे' हेसुद्धा अपुरंच.

अशीच गंमत 'टॉवर'ची. फलकावर देवळाच्या दारावर चढत गेलेल्या उंच बांधकामालाही टॉवर, गाभाऱ्यावरच्या बांधकामालाही टॉवर, आणि जनानखान्याच्या आवाराच्या भिंतीजवळ उभ्या असलेल्या टेहळणीच्या वास्तूलाही टॉवर. तिघांना मी 'मनोरा' लिहून मोकळा झालो होतो. आमच्या सहलीतल्या एक आक्का विरूपाक्षाच्या पूर्वेच्या नऊ मजली गोपुराखाली उभ्या राहून मला विचारत होत्या, "मनोरा कुठं हाय रे? ह्यात तर गोपूर दिसतंय." आक्कांना गोपूर हा शब्द माहीत होता, मी तो त्यांच्यापासून लपवून ठेवला होता.

इथे शब्द ठरवायला एकच प्रश्न पुरतो : हे कशावर उभं आहे? दारावर असेल तर गोपूर. गाभाऱ्यावर असेल तर शिखर. स्वतंत्र जमिनीवर, आत चढून लांबवर बघायला असेल तर मनोरा. फोटोत नुसता फलक असेल तर हे कळत नाही. म्हणून फलकाचा फोटो काढणाऱ्याला सांगून ठेवायचं की फलकाबरोबर ती वास्तूही एका फोटोत घे. त्या एका जास्तीच्या फोटोने अर्धे वाद मिटतात.

तिसरं उदाहरण जरा आपल्याच अंगाशी येणारं आहे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती आपल्या सगळ्यांना माहीत आहे. रट्टांच्या काळातलं, १२०४ सालचं जैन मंदिर. कन्नड 'बसदी'ला आपण इथे 'बस्ती' म्हणतो आणि आपल्यात कुणाला शंका येत नाही. हंपीला कमलापूरच्या वाटेवर गाणिगित्ती नावाचं जैन मंदिर आहे, चौदाव्या शतकातलं. मी सवयीने लिहिलं 'गाणिगित्ती बस्ती'. आमच्याबरोबर पुण्याहून आलेली एक मावशी म्हणाली, "तिथे कुणाची वस्ती आहे? माणसं राहतात का?" तिच्या कानाला बस्ती म्हणजे हिंदीतली बस्ती, घरं-झोपड्या. तिची चूक नाही. जो शब्द आपल्या गल्लीत स्पष्ट आहे तो शंभर कोसांवर स्पष्ट असेलच असं नाही. मग टाकून द्यायचा का? मला तसं वाटत नाही. तो आपला शब्द आहे आणि चांगला आहे. फक्त त्याच्याआधी 'जैन' लावायचं, आणि ते प्रत्येक वेळी लावायचं : जैन बस्ती. एकदा जैन बस्ती, एकदा जैन मंदिर, एकदा नुसती बस्ती असं केलं की पुन्हा तीन जागा तयार झाल्या.

आता काम कसं करायचं ते सांगतो. त्या सहलीनंतर आम्ही तोच कागद पुन्हा केला, आणि या वेळी क्रम बदलला.

सगळ्यात आधी खूणसूचीचा फोटो. नकाशाचा फोटो सगळे काढतात, पण कोपऱ्यातली खूणसूची अर्धी कापली जाते किंवा काचेवर उन्हाची तिरीप येऊन रंग दिसत नाहीत. म्हणून नकाशा पूर्ण एक फोटो, खूणसूची जवळून वेगळा फोटो, तोही समोर सरळ उभं राहून. माहितीपत्रकाची घडी उलगडून सपाट करून घ्यायची. घडीत गेलेला शब्द आपण अंदाजाने भरतो आणि तिथेच फसतो. फोटोंना नावं द्यायची, म्हणजे `03_legend.jpg`, `03_panel.jpg` अशी, एकाच जागेचे फोटो एकाच आकड्याखाली. नाहीतर कोणता फलक कोणत्या खुणेचा हे दोन दिवसांनी कुणालाच सांगता येत नाही.

मग अनुवाद सुरू करायचा नाही. ही गोष्ट सगळ्यात जड जाते, कारण हात शिवशिवतात. आधी सगळ्या फोटोंतून फक्त प्रकाराचे शब्द वेचायचे. नावं सोडून द्यायची. कागदावर चार रकाने : इंग्रजी शब्द, कन्नड शब्द, तिथे प्रत्यक्षात काय आहे, आणि आपला मराठी शब्द. तिसरा रकाना भरल्याशिवाय चौथा भरायचा नाही. मी पहिल्या वेळी तिसरा रकाना ठेवलाच नव्हता. शब्दाला शब्द लावत गेलो आणि म्हणून तलावाला तळं लागलं. तिसऱ्या रकान्यात 'बांध, शेतीचं पाणी' एवढंच लिहिलं असतं तरी हात थांबला असता.

चौथा रकाना भरताना नाव आणि प्रकार यांची फाळणी करायची. 'कमलापुर केरे' यातला केरे हा प्रकार आहे, म्हणून मराठीत कमलापूर तलाव. 'कमलापूर केरे तलाव' लिहिणं म्हणजे तलाव तलाव म्हणणं. पण काही ठिकाणी प्रकाराचा शब्द नावात इतका मुरलेला असतो की तो काढला तर जागाच ओळखू येत नाही. 'महानवमी दिब्बा' हे तसं. दिब्बा म्हणजे उंचवटा. तिथला तो भव्य दगडी चौथरा. पण सगळे जण त्याला महानवमी दिब्बा म्हणूनच ओळखतात, रिक्षावालाही. तिथे नाव तसंच ठेवायचं आणि पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे उंच चौथरा' असं सांगून टाकायचं. फक्त 'डिब्बा' लिहू नका, नाहीतर घरचे लोक जेवणाचा डबा शोधतील. लोटस महालाचंही तेच : सगळ्यांच्या तोंडी रुळलेलं नाव आपल्या तक्त्यासाठी मोडायचं नाही. तक्ता प्रकारांसाठी आहे. रुळलेल्या नावापुढे त्याने माघार घ्यायची, आणि कुठे-कुठे घेतली ते तक्त्याखाली लिहून ठेवायचं.

खूणसूचीत मराठी शब्दाशेजारी कन्नड उच्चार देवनागरीत एकदा द्यायचा : तलाव – केरे. टेकडी – बेट्ट. दरवाजा – बागिलु. हे नानांकडून शिकलो. माणूस नकाशा मराठीत वाचतो, पण रस्ता विचारतो तो तिथल्या माणसाला, कन्नडमध्ये. त्याच्या तोंडात शब्द आपण दिला नाही तर तो स्वतः तयार करतो, आणि आपला मराठी शब्द ढिला असेल तर तो बरोबर कन्नड बोलून चुकीच्या जागी जातो.

सगळं लिहून झाल्यावर उलटी तपासणी. फाइल उघडायची, शोधाच्या चौकटीत 'तलाव' टाकायचं आणि तो जिथे-जिथे सापडेल तिथे विचारायचं : इथे खरंच केरे आहे का? मग ठरवून टाकून दिलेले शब्द शोधायचे : तळे, कुंड, जलाशय, टाकी. एकही सापडायला नको. सापडला तर दुरुस्त करताना फक्त तो शब्द बदलून पुढे जायचं नाही, वाक्य वाचायचं. 'तळे' पुल्लिंगी 'तलाव' झालं की मागचं 'मोठे' 'मोठा' व्हायला लागतं, 'पुष्करणी' झाली की 'मोठी'. घाईत 'मोठे पुष्करणी' राहून गेलं की वाचणाऱ्याचा बाकीच्या कागदावरचाही विश्वास उडतो. 'तळ्यापाशी', 'तलावाजवळ' अशी रूपंही शोधायला विसरू नका. नुसतं 'तळे' शोधलं तर 'तळ्यापाशी' हाती लागत नाही, म्हणून 'तळ' एवढंच टाकून शोधायचं. मग 'तळघर'ही येईल, ते डोळ्यांनी गाळायचं.

शेवटची तपासणी माणसाची. ज्याने हंपी पाहिलेली नाही अशा घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला कागद द्यायचा आणि प्रत्येक खुणेवर बोट ठेवून विचारायचं, "इथं गेल्यावर तुम्हांला काय दिसंल?" आम्ही हे नानांना विचारलं. तलावावर बोट ठेवल्यावर म्हणाले, "बांध. तिथं आता मी जाणार न्हाई." पुष्करणीवर म्हणाले, "पायऱ्या, खाली पाणी." हौदावर जरा थांबले आणि म्हणाले, "हौद म्हंजे कोरडा असंल उन्हाळ्यात." खरंच तो कोरडाच होता. 'आवार' या शब्दावर मात्र अडले. राजवाड्याभोवतीच्या भिंतीच्या आतल्या जागेला आम्ही आवार म्हटलं होतं आणि आजूबाजूच्या मोकळ्या भागाला परिसर. नानांना दोन्ही एकच वाटले. आम्ही 'परिसर' हा शब्द कागदावरून पूर्ण काढून टाकला. भिंत आहे ते आवार. भिंत नाही तिथे नुसतं त्या गावाचं किंवा देवळाचं नाव. शब्द कमी झाला, नकाशा सोपा झाला.

या सगळ्यातून सगळे वाद सुटतात असं नाही. मतंग टेकडीला टेकडी म्हणायचं की डोंगर, यावर आमच्यात अजून दोन तट आहेत. चढून आलेले डोंगर म्हणतात, खालून बघितलेले टेकडी. मी टेकडीच्या बाजूचा. पण कागदावर एकदा टेकडी छापलं म्हटल्यावर हेमकूटही टेकडीच, मतंगही टेकडीच, आणि वेळापत्रकातही टेकडीच. डोंगरवाल्यांनीही ते मान्य केलंय. त्यांचं म्हणणं एवढंच की पुढच्या वेळी मी स्वतः वरपर्यंत चढून मग छापावं.

पुढच्या महिन्यात बदामीला जायचं ठरतंय. तिथे अगस्त्य तीर्थ आहे. फलकावर त्यालाही 'टँक' किंवा 'लेक' असंच काहीतरी असणार. नानांनी आत्ताच सांगून ठेवलंय, "आधी ठरीव त्येला काय म्हंतोस, मग मी यीन."